टीएसएच खाली का येत नाही? दहा गोळ्या आणि चार तासांची एक तपासणी

"ताई, गोळी रोज घेता ना?"

"हो डॉक्टर, रोज घेते. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी."

टेबलावरचा रिपोर्ट मात्र दुसरंच सांगत असतो. टीएसएच ६८. मागच्या वेळी ५४ होता, त्याआधी ४७. दर वेळी डोस वाढवला गेला. शंभरची गोळी दीडशेची झाली, दीडशेची दोनशेची झाली, तरी आकडा खाली यायचं नाव घेत नाही. थायरॉइडचे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांसमोर असा पेशंट अधूनमधून येऊन बसतोच, आणि मग कुणी उघड न विचारलेला एक प्रश्न त्या खोलीत रेंगाळत राहतो. या बाई खरंच गोळी घेतात का? की घेतात, पण त्यांचं आतडं ती गोळी रक्तापर्यंत पोचूच देत नाही?

या दोन शक्यतांचे उपाय एकमेकांपासून पार वेगळे आहेत, आणि नुसत्या गप्पांमधून त्यांची निवड करता येत नाही. त्यासाठी एक साधी, स्वस्त आणि आश्चर्य वाटावं इतकी कमी वापरली जाणारी तपासणी आहे: लेव्होथायरॉक्सिन शोषण चाचणी. हॉस्पिटलात एका सकाळी, नर्सच्या डोळ्यांदेखत गोळ्यांचा एकच मोठा डोस द्यायचा आणि पुढचे काही तास रक्तातलं हार्मोन किती चढतं ते मोजायचं, एवढाच तिचा गाभा.

आपल्याकडे हा प्रश्न थोडक्या लोकांचा नाही. मुंबईसह देशातल्या आठ शहरांत केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जवळपास ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइडची कमतरता आढळली होती. त्यांतल्या बहुतेकांचं औषध एकच, लेव्होथायरॉक्सिन. बहुतेकांना ते बिनतक्रार लागू पडतं. ज्यांना पडत नाही, त्यांच्याविषयी हा लेख आहे.

आधी त्या ६८ चा अर्थ पाहू. टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ते सोडते, थायरॉइडला कामाला लावण्यासाठी. काम कमी पडलं की मुकादमाचा आवाज चढावा, तसा थायरॉइडचा हार्मोन कमी झाला की टीएसएच चढतो. साधारणपणे तो ०.४ ते ४.५ च्या दरम्यान असतो. तो ६८ वर गेला, म्हणजे शरीराला हार्मोनचा तुटवडा जाणवतोय आणि तो बऱ्याच आठवड्यांपासून जाणवतोय. कारण टीएसएच सावकाश हलतो. डोस बदलल्यावर त्याचा खरा आकडा दिसायला सहा आठवडे जावे लागतात.

गोळीतलं औषध हे थायरॉइड ग्रंथी स्वतः बनवते तेच हार्मोन, थायरॉक्सिन, म्हणजेच टी-फोर. ज्याची ग्रंथी जवळजवळ बंद पडली आहे अशा प्रौढ माणसाला ते दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागतं. बासष्ट किलोच्या बाईला हा हिशेब शंभरच्या आसपास येतो. आता वरच्या उदाहरणातल्या बाई घेऊ. त्यांना आपण सुनंदाताई म्हणू. त्या कुणी एक खरी व्यक्ती नाहीत. अशा रुग्णांमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे उदाहरण रचलं आहे. वय ३८, वजन ६२ किलो, उंची १५६ सेंटीमीटर. त्यांना दोनशेची गोळी चालू आहे, म्हणजे किलोमागे ३.२ मायक्रोग्रॅम, गरजेच्या दुप्पट. एवढा डोस खरोखर रक्तात उतरत असता तर टीएसएच शून्याजवळ गेला असता, हात थरथरले असते, छातीत धडधडलं असतं. उलट त्यांचं अंग जड झालंय, केस गळतायत, पाळी बिघडलीय. किलोमागे दोन मायक्रोग्रॅमच्या पुढे डोस गेला आणि टीएसएच तरीही चढाच असेल, तर डोस वाढवणं थांबवून कारण शोधायला लागावं हे बरं.

पहिलं कारण सगळ्यांच्या जवळचं असतं: गोळी घेण्याची पद्धत. लेव्होथायरॉक्सिन लहान आतड्यात शोषलं जातं आणि उपाशीपोटी घेतलं तर साधारण ७० ते ८० टक्के रक्तात येतं. पोटात अन्न असेल तर हे प्रमाण घटतं. कॅल्शियम आणि लोह त्याला आतड्यातच बांधून ठेवतात. हल्ली पित्तासाठी वर्षानुवर्षं घेतल्या जाणाऱ्या गोळ्या पोटातलं आम्ल कमी करतात, आणि गोळी नीट विरघळायला ते आम्ल लागतं. कॉफीचा परिणाम इटलीतल्या डॉक्टरांनी २००८ साली मोजून दाखवला. म्हणून अनुभवी डॉक्टर आधी बारकाईने विचारपूस करतात. गोळी आणि चहा यांत किती वेळ जातो? रक्त वाढवायची गोळी कधी घेता? कॅल्शियम? अॅसिडिटीचं औषध? बाटली कुठे ठेवता, गॅसच्या शेजारी की खिडकीत उन्हात? उष्णता आणि दमट हवेने औषधाचा जोर जातो.

पण इथे आकड्यांकडे नीट पाहिलं पाहिजे. गोळीसोबत लोह घेतल्याने किती फरक पडतो हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९९२ साली चौदा रुग्णांमध्ये पाहिलं. बारा आठवड्यांत सरासरी टीएसएच १.६ वरून ५.४ वर गेला. कॅल्शियमचा तसाच अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. वीस रुग्ण, तीन महिने, सरासरी टीएसएच १.६ वरून २.७. म्हणजे चहा, लोह, कॅल्शियम यांनी टीएसएच बिघडतो हे खरं, पण सहसा थोडा बिघडतो. पाच, आठ, बारा. दुप्पट डोसवर टीएसएच ६८ असेल तर सगळा दोष सकाळच्या चहावर ढकलून चालत नाही. चहाची वेळ बदलायला सांगून पेशंटला आणखी तीन महिने घरी पाठवणं ही इथे नेहमी होणारी चूक आहे.

दुसरा धागा रिपोर्टमध्येच लपलेला असू शकतो. टीएसएचबरोबर फ्री टी-फोरही मोजला असेल तर दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं. टी-फोर गोळी घेतल्यावर काही तासांत वर येतो. टीएसएच उतरायला आठवडे घेतो. म्हणून टीएसएच खूप चढा आणि फ्री टी-फोर मात्र नॉर्मल किंवा चांगलाच वरचा, असं विजोड चित्र दिसलं तर बहुधा एकच अर्थ निघतो: तपासणीची तारीख जवळ आल्यावर चारपाच दिवस गोळ्या नेमाने घेतल्या गेल्या, त्याआधी नाही. (प्रयोगशाळेच्या चाचणीतला दोष किंवा पिट्युटरीचा एखादा विरळा आजारही असं चित्र दाखवू शकतो, हे डॉक्टरांनी विसरून चालत नाही.) सुनंदाताईंचा फ्री टी-फोर मात्र टीएसएचशी सुसंगत, म्हणजे कमी आहे. गोळी पोटातच गेली नाही तरी असंच दिसेल आणि पोटात जाऊन वाया गेली तरी असंच. रिपोर्ट इथे गप्प बसतो.

मग चाचणी.

तिच्यामागची कल्पना नवी नाही. १९९१ साली केनेथ एन आणि सॅम्युएल रेफेटॉफ यांच्यासह चार अमेरिकन डॉक्टरांनी 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णांची हकीकत मांडली. कितीही डोस द्या, यांच्या अंगी लागतच नाही, असं समजलं जात होतं. समोर बसवून गोळी दिली तेव्हा आतडं ती व्यवस्थित शोषत होतं. तेव्हापासून मोठ्या केंद्रांमध्ये ही तपासणी थोड्याफार फरकाने केली जाते.

सुनंदाताई रात्रीपासून उपाशी राहून सकाळी हॉस्पिटलात येतात. त्याआधीच्या भेटीत त्यांचा ईसीजी काढलेला असतो, हृदयाचा त्रास नाही याची खात्री केलेली असते आणि गर्भधारणा नाही हेही तपासलेलं असतं. हाताला सुई लावून ठेवतात, म्हणजे दर वेळी टोचावं लागत नाही. पहिलं रक्त काढलं जातं, हा पाया. मग शंभर मायक्रोग्रॅमच्या दहा गोळ्या, एकूण १००० मायक्रोग्रॅम, एकदम पाण्याबरोबर. काही ठिकाणी गोळ्या पाण्यात विरघळवून देतात. गोळ्या हॉस्पिटलच्या साठ्यातल्या असतात, पेशंटच्या पर्समधल्या नाहीत; घरची बाटली खराब झाली असेल तर तेही यातून कळतं. सिस्टर समोर उभ्या राहून गोळ्या गिळताना पाहतात, तोंड उघडायला सांगून जिभेखाली बघतात, आणि पुढचे काही तास पेशंटला नजरेसमोर ठेवतात. पहिल्या तासात एकट्याने बाथरूमला जायचं नाही, कारण उलटी झाली किंवा केली तर सगळी सकाळ फुकट. हे ऐकायला कठोर वाटतं. पण डोळ्यांआड एक क्षणही गेला नाही, म्हणूनच या तपासणीच्या निकालावर विसंबता येतं. ते नियम सगळ्यांनाच लागू आहेत आणि तसं आधी समजावून सांगितलं तर पेशंटला अपमान वाटत नाही.

मग अर्ध्या तासाने, एका तासाने, दोन, तीन आणि चार तासांनी रक्त घेतात. मधूनमधून नाडी आणि रक्तदाब. काही केंद्रं सहा तासांपर्यंत थांबतात, काही दोन तासांतच आटपतात, पण टी-फोरचा शिखरबिंदू साधारण दोन ते चार तासांत येतो, म्हणून तेवढा काळ हाती असणं महत्त्वाचं.

एकदम दहा गोळ्या का, नेहमीची एक का नाही? उत्तर साध्या गुणाकारात आहे. शंभरच्या गोळीतले पंच्याहत्तर मायक्रोग्रॅम रक्तात उतरले, तर सुनंदाताईंच्या शरीरात टी-फोर प्रति डेसिलिटर जेमतेम ०.७ मायक्रोग्रॅमने वाढेल. लॅबच्या यंत्रात दोन नमुन्यांमध्ये एवढा फरक कारण नसतानाही पडू शकतो. दहा गोळ्या दिल्या की चढ दहापट होतो आणि मग चूक होण्याची जागा उरत नाही.

आणि धोका? एक हजार हा आकडा ऐकून घरचे घाबरतात, ते स्वाभाविक आहे. पण टी-फोर हे स्वतः फारसं काम करणारं हार्मोन नाही. शरीर त्यातून गरजेप्रमाणे टी-थ्री बनवतं, आणि ते हळूहळू. टी-फोर रक्तात अर्धा व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे एका दिवसाचा मोठा डोस पुढच्या कित्येक दिवसांत पसरून वापरला जातो, आणि महिनोन्महिने उपाशी राहिलेल्या शरीरात तर त्याने फार खळबळ माजत नाही. तरीही ज्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे, ठोके अनियमित पडतात, ज्या गरोदर आहेत किंवा ज्यांच्या अॅड्रिनल ग्रंथी अशक्त आहेत, त्यांच्यावर ही चाचणी करत नाहीत किंवा फार जपून, कमी डोसने करतात. घरी दहा गोळ्या खाऊन पाहण्याचा हा प्रकार नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे लिहायलाच हवं.

आता सुनंदाताईंचे आकडे. गोळ्यांआधी एकूण टी-फोर ३.१ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. एका तासाने ५.९. दोन तासांनी ९.४. तीन तासांनी ९.९. चार तासांनी ९.६, म्हणजे शिखर तीन तासांवर येऊन गेलं. चढ ६.८.

या चढावरून आतड्याने किती टक्के औषध घेतलं हे काढता येतं. हार्मोन शरीरात किती लिटरमध्ये पसरतं याचा अंदाज बॉडी मास इंडेक्सला ०.४४२ ने गुणून करतात. सुनंदाताईंचा इंडेक्स २५.५, म्हणून ते झाले सव्वाअकरा लिटर. प्रति डेसिलिटर ६.८ म्हणजे प्रति लिटर ६८ मायक्रोग्रॅम. त्याला सव्वाअकराने गुणलं की ७६५ मायक्रोग्रॅम येतात. दिले होते १०००. म्हणजे ७६ ते ७७ टक्के औषध रक्तात पोचलं. साठ टक्क्यांच्या वर असेल तर शोषण ठीक मानतात.

सुनंदाताईंचं आतडं ठणठणीत आहे.

हा हिशेब एकूण टी-फोरवर बेतलेला आहे, फ्री टी-फोरवर नाही. ज्या ठिकाणी फक्त फ्री टी-फोरच मोजतात तिथे नेमकी टक्केवारी न काढता तो किती वर चढला यावर निकाल देतात, आणि त्यासाठी प्रत्येक केंद्राची आपापली रेषा असते. एकूण टी-फोरलाही एक खोड आहे. रक्तातलं बहुतेक थायरॉक्सिन प्रथिनांना चिकटून असतं, आणि गर्भनिरोधक गोळ्यांसारख्या कारणांनी ही प्रथिनं वाढली की आकडाही फुगतो. म्हणून शहाणे डॉक्टर दोन्ही मोजून घेतात आणि टक्क्यापेक्षा वक्ररेषेच्या आकाराकडे आधी बघतात. उठावदार चढ आणि दोन-तीन तासांत शिखर, हे चित्र डोळ्यांनीही ओळखता येतं.

निकाल नॉर्मल आला याचा अर्थ पेशंट खोटं बोलत होता असा काढण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. डॉक्टरांना होतो, नवऱ्याला होतो, सासूला तर नक्कीच होतो. इथेच थांबून या चाचणीची मर्यादा समजून घ्यायला हवी. तिने फक्त एका प्रश्नाचं उत्तर दिलं आहे: रिकाम्या पोटी, चांगली गोळी, इतर कोणत्याही औषधाविना दिली तर हे आतडं ती घेऊ शकतं का? घरी काय होतं याबद्दल ती काहीच सांगत नाही. ज्या बाई रोज गोळी आणि लोहाची कॅप्सूल एकाच घोटात घेतात, त्यांचीही ही चाचणी नॉर्मलच येईल, कारण चाचणीच्या सकाळी लोह नव्हतं. तेव्हा खरी चौकशी नॉर्मल निकालानंतर सुरू होते, आणि ती आरोपाच्या सुरात केली तर हाती काही लागत नाही.

"गोळी घेता ना?" या प्रश्नाला "हो" याखेरीज उत्तर नसतं. "आठवड्यातून किती वेळा राहून जाते?" असं विचारलं की माणसं बोलायला लागतात. रात्रपाळी असते तेव्हा सकाळ कुठली धरायची ते कळत नाही. सकाळी डबे, मुलांची शाळा, गोळी घेऊन तासभर चहाविना राहणं जमत नाही, मग गोळीच मागे पडते. जन्मभर गोळी म्हणजे आपण आजारी, हे मान्य करायचं नसतं. कुणीतरी सांगितलेलं असतं की या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात. शिवाय एक दुष्टचक्र आहे, ज्याकडे फारसं लक्ष जात नाही: थायरॉइड कमी पडलं की विसराळूपणा आणि उदासी वाढते, आणि त्यामुळे गोळ्या आणखी चुकतात. औषधाच्या दुकानातली बिलं इथे उपयोगी पडतात. शंभर गोळ्यांची बाटली शंभर दिवसांत संपायला हवी. आठ महिन्यांत दोनच बाटल्या घेतल्या असतील, तर हिशेब उघड आहे आणि तो पेशंटबरोबर बसून, शांतपणे करता येतो.

पुढची पायरी उपचाराचीही आहे आणि पुराव्याचीही. थायरॉक्सिन शरीरात आठवडाभर टिकतं, त्यामुळे रोजच्या सात गोळ्या आठवड्यातून एकदा एकदम घेतल्या तरी चालतं. हे वेलिंग्टनमधल्या डॉक्टरांनी १९९७ साली दाखवून दिलं होतं. २०१३ साली इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या गटाने शोषण चाचणी आणि ही आठवड्याची पद्धत एकत्र जोडली: आधी चाचणी, मग काही आठवडे दर आठवड्याला नर्ससमोर एकच मोठा डोस.

सुनंदाताईंचा हिशेब किलोमागे १.६ ने शंभर, म्हणजे आठवड्याचे सातशे मायक्रोग्रॅम, शंभरच्या सात गोळ्या. दर सोमवारी सकाळी उपाशीपोटी ओपीडीत येऊन त्या सिस्टरसमोर घेतात. चाचणीतल्या हजारपैकी बराच भाग अजून अंगात असल्याने पहिला डोस एक आठवड्यानंतर सुरू होतो. सहा आठवड्यांनी टीएसएच ६८ वरून ९ वर आलेला असतो आणि उतरतच असतो. आता वाद उरत नाही. त्यांना लागणारा डोस शंभर आहे, दोनशे नव्हे.

हा शेवटचा मुद्दा जिवाशी खेळणारा आहे. न घेतलेल्या गोळ्यांवर डोस वाढवत नेला की कागदावर भलताच मोठा आकडा तयार होतो. एरवी निरुपद्रवी असलेला तो कागद कधीतरी अचानक लागू पडतो. बाई दुसऱ्या कारणासाठी अॅडमिट होतात, वॉर्डातली नर्स चिठ्ठीप्रमाणे रोज दोनशे किंवा तीनशे मायक्रोग्रॅम देते; किंवा मुलगी घरी राहायला येते आणि आईला नेमाने गोळ्या देऊ लागते. काही आठवड्यांत शरीर हार्मोनने भरून जातं. साठीच्या माणसाचे हृदयाचे ठोके बिघडायला एवढं पुरतं. शोषण नॉर्मल निघाल्यावर डॉक्टरांनी पहिलं काम करायचं ते जुनी चिठ्ठी रद्द करून वजनाप्रमाणे डोस लिहिण्याचं.

आणि चाचणी सपाट आली तर?

सुनंदाताईंइतकंच वजन आणि उंची असलेल्या दुसऱ्या एका बाईंची कल्पना करू. सुरुवातीचा टी-फोर २.८, एका तासाने ३.१, दोन तासांनी ३.७, चार तासांनी ४.६. चढ जेमतेम १.८. त्याच हिशेबाने हजारातले दोनशेच मायक्रोग्रॅम रक्तात आले, वीस टक्के. या बाई इतकी वर्षं खरं बोलत होत्या. घरच्यांचे टोमणे, डॉक्टरांचं संशयाने बघणं, हे सगळं त्यांनी विनाकारण सोसलं. माझ्या मते ही चाचणी करून घेण्याचं सगळ्यात सबळ कारण हेच आहे, जरी असे रुग्ण संख्येने थोडे असले तरी.

सपाट रेषा कारण सांगत नाही, फक्त शोधायची जागा दाखवते. पहिला संशय सीलिअॅक आजाराचा, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर झिजण्याचा. थायरॉइडवर शरीरानेच हल्ला करणारा हाशिमोटो आजार आणि सीलिअॅक अनेकदा जोडीने येतात. रक्तातली टीटीजी अँटिबॉडी तपासतात, ती वाढलेली असेल तर दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून पाहतात. अनेकदा आधीच एक खूण डोळ्यांसमोर असते: कितीही लोह दिलं तरी न भरून येणारा अॅनिमिया. दुसरा संशय पोटाच्या अस्तराच्या जुनाट सुजेचा. हेलिकोबॅक्टर जंतूचा संसर्ग किंवा आम्ल बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेला जठराचा आजार असेल तर थायरॉक्सिनची गरज वाढते, हे रोममधल्या डॉक्टरांनी २००६ साली दाखवलं. तिसरा मुद्दा वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा. आणि पोटातला जिआर्डिया, आपल्या पाण्यातून सहज येणारा, तोही शौच तपासून वगळावा लागतो.

काही औषधं शोषण न बिघडवताही हार्मोनची गरज वाढवतात, त्यांची यादी इथेच तपासून घ्यावी. क्षयावरचं रिफॅम्पिसिन, फिट्सवरची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही यकृताला थायरॉक्सिन भराभर संपवायला लावतात. अशा रुग्णाची शोषण चाचणी नॉर्मल येते, गोळ्याही तो इमाने इतबारे घेत असतो, तरी टीएसएच चढलेला राहतो. दोन्ही चौकटींत न बसणारा हा तिसरा प्रकार, आणि क्षयाचे उपचार इतके सर्रास चालतात त्या आपल्या भागात तो विसरणं महाग पडतं.

दुसऱ्या बाईंची टीटीजी खूप वाढलेली निघते, बायॉप्सीत अस्तर सपाट झालेलं दिसतं. पोळी, रवा, मैदा, बिस्किटं बंद होतात; ज्वारी, तांदूळ, नाचणी चालू राहतात. आपल्याकडच्या भाकरीच्या घरांत हा बदल गव्हावर जगणाऱ्या घरांइतका जड जात नाही. आतड्याचं अस्तर भरून यायला महिने लागतात आणि जसजसं ते भरून येतं तसतशी गोळी जास्त जास्त शोषली जाते. म्हणून या काळात दर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून डोस खाली आणत जावं लागतं; दोनशेची दीडशे, मग सव्वाशे. डोस तसाच ठेवला तर बरं होत चाललेलं आतडंच त्यांना जास्त हार्मोनच्या त्रासात ढकलेल.